संतापलेल्या ग्राहकाला लिहिलेलं एक उत्तर

प्रश्न: वडिलांचं दुकान नुकतंच हातात घेतलंय. परवा एका ग्राहकाचं भयंकर चिडलेलं पत्र आलं. उत्तर नीट लिहिलं तर असा माणूस कायमचा जोडला जातो, असं ऐकतो. खरंच असं घडलेली एखादी गोष्ट सांगाल का? आणि त्या दुकानदाराने नेमकं लिहिलं काय होतं?

उत्तर:

घडलेली गोष्ट आहे, आणि ती मला बारकाव्यांसकट माहीत आहे, कारण उत्तराचे तिन्ही मसुदे त्या मुलाने मला वाचायला दिले होते. माझी सगळी उमेदीची वर्षं बुटांच्या धंद्यात गेली. अलीकडे बरेच तरुण दुकानदार ग्राहकांच्या तक्रारी घेऊन येतात, त्यांतलाच हा एक. पंचविशीतला, सरळ, जरा तापट.

तक्रार डोंगरात चालायच्या बुटांची होती. एका निवृत्त गृहस्थांनी ते सव्वादोन वर्षांपूर्वी त्याच्या दुकानातून घेतले होते. दोनदा घातले, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बूट खोक्यात पडून राहिले. बरे झाल्यावर मुलीबरोबर पहिल्यांदा डोंगरावर गेले, तर उतरताना आधी उजवा आणि थोड्या वेळाने डावा सोल सुटून पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात फोन केला. काउंटरवरच्या माणसाने जे उत्तर दिलं त्यानंतर त्यांनी ईमेल लिहिला. त्यातला गाभा असा होता:

"तुम्ही मला कुजलेला माल विकलात. दोनदा घातलेले बूट पायातून गळून पडले. नाड्यांनी सोल बांधून, मुलीच्या खांद्याला धरून मी डोंगर उतरलो. आणि तुमचा माणूस मला विचारतो, दोन वर्षं काय झोपला होतात? पैसे परत नकोत मला. तुमच्या दुकानाची लायकी चार लोकांना कळली पाहिजे."

मुलाने त्याच रात्री उत्तर लिहून काढलं. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तथापि सदर बुटांची वॉरंटी सहा महिन्यांची असून ती संपलेली आहे." त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण वॉरंटी हा पैशांचा प्रश्न, आणि समोरच्याने तर पैसे नकोत असं स्वच्छ लिहिलं होतं. मी त्याला पेन्सिल दिली आणि पत्रात ज्या ज्या गोष्टीने माणूस दुखावलाय तिच्याखाली रेघ मारायला सांगितलं. रेघा तीन निघाल्या: बूट तुटले, मुलीसमोर मान खाली गेली, आणि फोनवर अपमान झाला. पहिल्या मसुद्यात यातल्या दोन गोष्टींचा उल्लेखच नव्हता, आणि तिसरी "गैरसोय" या एका शब्दात गुंडाळली होती.

मग तो दुसऱ्या टोकाला गेला. दुसरा मसुदा म्हणजे नुसतं लोटांगण. अक्षम्य अपराध झाला, सहलीचा सगळा खर्च देतो, पुन्हा असं कधीच होणार नाही. हा मसुदा मला पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटला. बूट का तुटले हे त्याला अजून ठाऊकच नव्हतं. कारण न शोधता मागितलेली माफी वाचणाऱ्याला लगेच कळते, आणि जे पुन्हा घडणं आपल्या हातात नाही त्याबद्दल दिलेला शब्द पुढे आपल्याच अंगाशी येतो.

म्हणून त्या दिवशी फक्त चार ओळी गेल्या. "तुमचं पत्र मिळालं आणि पूर्ण वाचलं. दुकानातल्या नोंदी तपासून परवा संध्याकाळपर्यंत सविस्तर लिहितो. बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल आणि सोल जिथून सुटला ती जागा, एवढे दोन फोटो पाठवलेत तर कारण शोधायला मदत होईल. नाही पाठवलेत तरी उत्तर देणारच आहे." शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. चिडलेल्या माणसाकडे फोटो मागितले की त्याला वाटतं, आता हे माझ्याकडे पुरावे मागणार. फोटो कशासाठी हवेत ते सांगितलं, आणि त्यावर उत्तर अडणार नाही हेही सांगितलं, की शंका उरत नाही. फोटो तासाभरात आले.

आता थोडं बुटांविषयी, कारण सगळं प्रकरण इथेच फिरलं. सोल सुटण्याची दोन अगदी वेगळी कारणं असतात. गोंद सुटला तर सोल अख्खा निघतो, त्याची वरची बाजू बरीचशी स्वच्छ असते आणि तो पुन्हा चिकटवता येतो. पण या फोटोंत दोन्ही बाजूंना पिवळट भुगा दिसत होता. म्हणजे गोंद शाबूत होता आणि मधला फोमचा थरच फुटला होता. अशा बुटांत तो थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो. पायाला आधार चांगला देतो, पण हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतो. उष्ण आणि दमट हवेत हे लवकर होतं. बूट वापरात असोत की खोक्यात पडलेले, ही प्रक्रिया चालूच राहते, आणि बंद जागेत ठेवलेला, न घातलेला जोड बाहेरून कोरा दिसत असतानाच आतून संपलेला असतो. साधारण पाचेक वर्षांच्या पुढे अशा जोडावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये, असं मी सांगतो. तपासायची पद्धत सोपी आहे: मधल्या थरावर अंगठा जोरात दाबायचा. चांगला फोम लगेच वर येतो. गेलेल्या फोमवर खळगा तसाच राहतो, बारीक तडे दिसतात, कधी बोटाला चिकट लागतं.

लेबलावर बनल्याचा महिना आणि वर्ष होतं. मुलाने ते बिलबुकाशी ताडून पाहिलं तेव्हा तो गप्प झाला. विकला त्या दिवशी तो जोड तीन वर्षांचा होता. मोठं माप, गिऱ्हाईक कमी, त्यामुळे मागच्या फळीवर राहून गेलेला. काउंटरवरच्या माणसाने माप जुळलं म्हणून काढून दिला, तारीख कुणीच पाहिली नाही. त्याच मालातला आणखी एक जोड मागे पडून होता. त्यावर अंगठा दाबला तर खळगा उठला तो उठलाच.

थोडक्यात, ग्राहक "कुजलेला माल" म्हणाला होता आणि तो फारसा चुकीचा नव्हता. ही गोष्ट आता फक्त दुकानदाराला माहीत होती. गृहस्थांनी लेबलाचा फोटो पाठवला होता, पण त्या आकड्यांचा अर्थ त्यांच्या लक्षात आला नव्हता.

सांगायचं की नाही, यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्याचे वडील नको म्हणत होते. आपण होऊन कशाला हातात काठी द्यायची, हे त्यांचं म्हणणं, आणि जुन्या माणसाचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. मुलाने सांगायचं ठरवलं. तिसरा मसुदा त्याने जवळजवळ एकटाकी लिहिला. तो असा:

"सप्रेम नमस्कार.

ऑपरेशननंतर तुम्ही पहिल्यांदाच डोंगरावर गेलात, आणि नाड्यांनी सोल बांधून, मुलीचा आधार घेऊन तुम्हाला खाली यावं लागलं. हे आमच्या दुकानातून घेतलेल्या बुटांमुळे झालं. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो.

फोनवर तुमचं ऐकून घेण्याऐवजी तुम्हालाच उलट विचारलं गेलं. ते चुकलं. दुकान मी चालवतो, म्हणून ती माफीही मीच मागतो.

आता बूट का तुटले ते. तुमच्या फोटोंत सुटलेल्या जागी दोन्हीकडे भुगा दिसतो. गोंद सुटला असता तर सोल अख्खा निघाला असता. इथे मधला फोमच फुटला आहे. हा फोम ओलाव्याने वर्षानुवर्षं कमकुवत होत जातो, बूट वापरले नाहीत तरीही. जिभेवरच्या लेबलाप्रमाणे, तुम्ही हा जोड घेतलात तेव्हा तो बनून तीन वर्षं झाली होती. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही, कारण आम्ही तारीख पाहिलीच नाही. त्याच मालातला एक जोड आमच्याकडे उरला होता. काल तो तपासला, त्याचाही फोम गेलेला आहे. तो विक्रीतून काढून टाकला.

पैसे नकोत असं तुम्ही लिहिलं आहे. तरीही पूर्ण रक्कम परत घ्यावी, अशी विनंती आहे. त्याऐवजी बूट हवे असतील तर याच वर्षी बनलेला जोड, तारीख दाखवून देईन. काय ते तुम्ही ठरवा. वॉरंटीचा मुद्दा मध्ये येणार नाही आणि जुने बूट परत आणायची गरज नाही. ती सहल मात्र मी परत देऊ शकत नाही, याची मला जाणीव आहे.

आजपासून आम्ही प्रत्येक पावतीवर बूट बनल्याचा महिना आणि वर्ष लिहितो. तुम्ही आमच्याबद्दल लोकांना सांगणार असाल तर ते जरूर सांगा, जे घडलं ते घडलेलं आहे.

खाली माझा स्वतःचा नंबर आहे. तो मीच उचलतो."

मी यात फक्त एक ओळ कापली. फोटोत मागे प्लास्टिकची पिशवी दिसत होती, बूट बहुधा तिच्यात गुंडाळून ठेवलेले होते. त्याने लिहिलं होतं, "बूट प्लास्टिकमध्ये ठेवल्यानेही हे लवकर होतं." माहिती खरी आहे. पण त्या जागी ती वाचली असती तर आधीच्या सगळ्या ओळींचा अर्थ बदलला असता. माफी, कारण, पैसे, आणि शेवटी "चूक तुमचीही होती". ही माहिती नंतर, नवा जोड हातात देताना, तोंडी सांगायची असते. तेव्हा तो सल्ला असतो.

पत्राच्या क्रमाकडे नीट पाहा. माणूस ज्यामुळे सर्वांत जास्त दुखावला होता ती गोष्ट पहिल्या वाक्यात आहे, आणि ती त्याच्याच शब्दांत आहे: नाड्या, मुलगी, डोंगर. आपलं पत्र खरोखर वाचलं गेलंय हे त्याला तिथेच कळतं. दुसरं, फोनवरच्या माणसाचं नाव नाही आणि "आमच्या कर्मचाऱ्याकडून" असंही नाही. नोकराला पुढे करणारा मालक ग्राहकाला दिसतो. तिसरं, कारण सांगताना आधी दिसणारी खूण आली, मग तिचा अर्थ. त्यामुळे वाचणारा स्वतः बूट हातात घेऊन खात्री करू शकतो. नंतर कळलं की त्यांनी तसंच केलं होतं.

पण माझ्या मते पत्राला खरं वजन आलं ते तीन वर्षांच्या वाक्यामुळे. ग्राहकाला जे माहीत नव्हतं आणि जे सांगितल्याने दुकानाचंच नुकसान होणार होतं, ते दुकानदाराने आपण होऊन सांगितलं. त्यानंतर पत्रातल्या बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवायला वेगळं कारण लागत नाही. नुसत्या नम्र शब्दांनी हे झालं नसतं.

उत्तर चार दिवसांनी आलं, एका ओळीचं: "बूट बघायला येईन." आले ते गंभीर चेहऱ्याने. आधी म्हणाले, नोंदवही दाखवा. मुलाने वही फिरवून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बोट ठेवून आपली नोंद वाचली, मग नव्या जोडाच्या जिभेवरची तारीख चष्मा वर करून वाचली, अंगठ्याने फोम दाबून पाहिला. पैसे घेतले नाहीत, जोड घेतला. आभार वगैरे काही मानले नाहीत. मुलगा जरा खट्टू झाला होता. मी त्याला सांगितलं की आभाराची वाट पाहू नकोस, तो माणूस अजून तपासतोय.

तो किती काळ तपासतो, यावर सगळं असतं. सेवेत चूक होऊन ती उत्तम सावरली तर ग्राहक आधीपेक्षाही खूश होतो, या निरीक्षणाला 1992 मध्ये मॅकलॉ आणि भारद्वाज या अभ्यासकांनी "सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स" असं नाव दिलं. धंद्याच्या शिबिरांत ते अजून मोठ्या उत्साहाने सांगितलं जातं. मात्र 2007 मध्ये तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हा समाधान वाढतं असं दिसलं, पण पुन्हा खरेदी करायच्या इराद्यावर तसा परिणाम सिद्ध झाला नाही. त्याआधी 2002 मध्ये मॅक्सहॅम आणि नेटमायर यांनी दाखवलं होतं की दुसऱ्यांदा चूक झाली की, ती नीट सावरली तरी, समाधान तसं वाढत नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो. पत्राने माणूस शांत होतो आणि एकदा परत येतो. तो टिकतो ते पत्रात लिहिलेलं पुढे पाळलं गेलं तर.

इथे ते पाळलं गेलं. पावतीवर तारीख येऊ लागली. नवा माल आला की जुना पुढे आणि नवा मागे लागू लागला, आणि दोन वर्षांपेक्षा जुना जोड सवलतीत, तारीख सांगूनच विकायचा, असं ठरलं. काही विक्री हातची गेली. काही महिन्यांनी त्या गृहस्थांची मुलगी बूट घ्यायला आली. तिने पावती उलटून तारीख पाहिली आणि हसली. वडिलांनी बघायला सांगितलं होतं. मग त्यांच्या फिरायच्या गटातले लोक एकेक करून यायला लागले, आणि प्रत्येक जण जीभ उलटून लेबल बघायचा.

माणूस जोडला गेला हे मला मात्र या खरेद्यांवरून पटलं नाही. दीडेक वर्षाने त्यांच्या नव्या बुटाचा नाडी अडकवायचा एक हुक निखळला. त्यांनी मुलाच्या नंबरवर फोन केला: "अरे, एक हुक सुटलाय, कधी आणू?" बस, एवढंच. पूर्वीचा "तुम्ही" जाऊन "अरे" झाला होता आणि आवाज चढलेला नव्हता. हुक त्याच दिवशी बसवून दिला. दुसरी तक्रार अशी शांत आवाजात आली की समजावं.

आता तुमच्या पत्राबद्दल, कारण प्रत्येक ठिकाणी हेच उत्तर चालत नाही. ग्राहकाला इजा झाली असेल, कुणी पडलं, भाजलं, कापलं असेल, तर विचारपूस आजच करा, पण कारण आणि जबाबदारी लिहून देण्याआधी वकिलाला आणि विमा असेल तर विमा कंपनीला विचारा. तपासाअंती तुमचा दोष नाही असं निघालं तर खोटी माफी लिहू नका. त्याला झालेला त्रास मान्य करा, काय तपासलं आणि काय आढळलं ते सांगा, आणि जमेल ती मदत मदत म्हणूनच द्या. समोरचा शिवीगाळ किंवा धमक्या देत असेल तर एकदाच, मोजकं उत्तर द्या आणि थांबा. आणि गल्ल्याला झेपणार नाही ते कबूल करू नका. त्या मुलाला एका जोडाचे पैसे झेपत होते, सहलीचा खर्च झेपत नव्हता, म्हणून त्याने तो देऊ केला नाही, आणि परत देता येणार नाही ती गोष्टही स्पष्ट लिहिली.

तुमच्या ग्राहकाचं पत्र येऊन दोन दिवस झालेत. पत्र मिळाल्याची पोच आणि सविस्तर उत्तर कोणत्या दिवशी देणार ती तारीख, एवढं आज संध्याकाळच्या आत पाठवा. मग पेन्सिल घ्या, रेघा मारा, आणि लिहायला बसण्याआधी नोंदवही उघडा. मसुदा झाला की मला दाखवायचा असेल तर दाखवा, त्यातली कोणती ओळ कापायची ते बघू.